पेशी सांगतात एबी, प्लाझ्मा सांगतो बी

मागणीपत्रावर रक्तगटाच्या रकान्यात 'बी पॉझिटिव्ह' असं आधीच लिहून आलं होतं. गर्भाशयातल्या गाठींमुळे बरेच महिने जास्त रक्तस्राव होणारी, पस्तिशीतली बाई. हिमोग्लोबिन ६.१, शस्त्रक्रिया ठरलेली, त्याआधी पॅक्ड सेलच्या, म्हणजे प्लाझ्मा जवळपास काढून टाकलेल्या तांबड्या पेशींच्या, दोन पिशव्या हव्या होत्या. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. मागणीपत्रावरचा रक्तगट आम्ही वाचतो, पण त्यावर काम करत नाही. तो कुणीतरी जुन्या कागदावरून उतरवलेला असतो. आमच्यासाठी रक्तगट ट्यूबमधल्या नमुन्यातून निघतो, आणि तोही दोन वेगवेगळ्या वाटांनी निघावा लागतो.

पहिलं काम लेबल तपासण्याचं. ट्यूबवरचं नाव, नोंदणी क्रमांक, रक्त कधी काढलं ती तारीख-वेळ आणि काढणाऱ्याची सही, हे सगळं मागणीपत्राशी अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. नावात एक वेलांटी इकडची तिकडे झाली तरी नमुना परत जातो. वॉर्डातल्या लोकांना याचा राग येतो, पण चुकीच्या गटाचं रक्त चढण्याचं सगळ्यात मोठं कारण प्रयोगशाळेतली चाचणी नसून पेशंट किंवा ट्यूबची अदलाबदल हे असतं. हा नमुना व्यवस्थित होता. सेंट्रिफ्यूज केल्यावर वर स्वच्छ पिवळसर प्लाझ्मा आला, त्यात लाली नव्हती, म्हणजे पेशी फुटलेल्या नव्हत्या. मागणीपत्राच्या मागच्या बाजूला माहिती होती: एक बाळंतपण, याआधी कधी रक्त चढवलेलं नाही. ही ओळ पुढे फार उपयोगी पडली.

तांबड्या पेशी सलाइनने तीन वेळा धुतल्या आणि त्यांचं पाच टक्क्यांचं सस्पेन्शन केलं. धुणं कंटाळवाणं वाटतं, पण पेशींभोवती चिकटलेली प्रथिनं निघून गेली नाहीत तर पुढचा प्रत्येक निकाल संशयास्पद होतो.

फॉरवर्ड ग्रुपिंग म्हणजे पेशंटच्या पेशींना विचारणं की तुमच्या पृष्ठभागावर कोणता प्रतिजन, म्हणजे गट ठरवणारी कोणती खूण आहे. विचारायचं ते अँटीसिराने: त्यात एकेका प्रतिजनाविरुद्धचं प्रतिपिंड असतं, आणि तो प्रतिजन पेशींवर असेल तर ते पेशींना एकमेकींशी बांधून पुंजके करतं. चार ट्यूबमध्ये अनुक्रमे अँटी-ए, अँटी-बी, अँटी-एबी आणि अँटी-डी टाकायचं, प्रत्येकात पेशींच्या सस्पेन्शनचा एक थेंब, मिनिटभर सेंट्रिफ्यूज. मग ट्यूब हलकेच तिरकी करत तळाशी बसलेली पेशींची बटणासारखी गोळी सुटताना बघायची. वाचनाची खरी जागा तीच. गोळी एकसंध उठली आणि भोवतीचा द्रव नितळ राहिला तर ४+. ती दोन-चार मोठ्या तुकड्यांत फुटली तर ३+, मध्यम आकाराचे पुष्कळ पुंजके झाले तर २+, आणि गढूळ द्रवात बारीक कणी दिसली तर १+. धूर उठावा तशी मोकळी सुटली तर शून्य. नवीन मुलं ट्यूब जोरात झटकतात आणि १+ची प्रतिक्रिया मोडून शून्य वाचतात. पेशी फुटून द्रव लाल झाला तर तीही पॉझिटिव्हच धरायची.

माझ्यासमोर आलेलं वाचन असं होतं: अँटी-बी ४+, अँटी-एबी ४+, अँटी-डी ४+ आणि अँटी-ए ३+. म्हणजे एबी पॉझिटिव्ह.

चारही ट्यूबमध्ये पुंजके आले की मी थांबते. आपल्याच प्रतिपिंडांनी माखलेल्या पेशी कोणत्याही द्रवात आपोआप गोळा होऊ शकतात, आणि मग कुठलाही गट एबी पॉझिटिव्ह दिसतो. म्हणून एबी पॉझिटिव्ह वाचलं की अँटीसिराशिवायचा कंट्रोल लागतोच. पेशंटच्या पेशी नुसत्या सलाइनमध्ये आणि दुसऱ्या ट्यूबमध्ये सौम्य अल्ब्युमिनमध्ये घालून बघितल्या. दोन्हीकडे शून्य. म्हणजे चारही पुंजके खरे होते.

आता दुसरी वाट. रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये प्रश्न प्लाझ्माला विचारायचा असतो. आपल्या पेशींवर ए किंवा बी यांपैकी जो प्रतिजन नसतो, त्याच्या विरुद्धचं प्रतिपिंड आपल्या प्लाझ्मात सहसा आपोआप तयार झालेलं असतं. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये मांडलेल्या निरीक्षणातून आलेला हा नियम. एबीओ सोडून दुसऱ्या कुठल्याही रक्तगटपद्धतीत अशी खात्रीची उलटतपासणी मिळत नाही. ए गटाच्या प्लाझ्मात अँटी-बी, बी गटाच्या प्लाझ्मात अँटी-ए, ओमध्ये दोन्ही आणि एबीमध्ये काहीच नाही. प्रत्येक ट्यूबमध्ये प्लाझ्माचे दोन थेंब आणि माहितीतल्या पेशींचा एक थेंब: एकीत ए पेशी, दुसरीत बी पेशी, तिसरीत ओ पेशी. चौथीत पेशंटच्याच पेशी, तो ऑटो कंट्रोल.

ओ पेशींची ट्यूब काहीजण वाचवतात. मी वाचवत नाही. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत वर्णन केलेला बॉम्बे गट फॉरवर्डमध्ये हुबेहूब ओ दिसतो. तो पकडला जातो तो याच ट्यूबमध्ये, कारण त्या माणसाचा प्लाझ्मा ओ पेशींनाही जोरात पुंजकवतो.

एबी गटाच्या प्लाझ्माकडून चारही ट्यूबमध्ये शून्य अपेक्षित होतं. बी पेशी शून्य, ओ पेशी शून्य, ऑटो कंट्रोल शून्य आला. ए पेशींच्या ट्यूबमध्ये मात्र २+, कुणालाही दिसावेत असे स्पष्ट पुंजके.

फॉरवर्ड एबी म्हणत होतं आणि रिव्हर्स बी. शिवाय मागणीपत्रावरही बी लिहिलेलं होतं.

अशा वेळी मोह होतो तो मतं मोजण्याचा. रिव्हर्स बी म्हणतंय, जुना कागद बी म्हणतोय, अँटी-ए तसंही इतरांपेक्षा थोडं कमीच आलंय, तर लिहून टाका बी. पण विसंगतीत जास्त मतांना काही किंमत नसते. दोन निकालांपैकी एकात काहीतरी जास्तीचं आहे किंवा काहीतरी कमी पडतंय, आणि ते नेमकं काय हे कळेपर्यंत गटाचा रकाना रिकामा राहतो. मी रजिस्टरमध्ये 'गट प्रलंबित' लिहिलं आणि वॉर्डात फोन केला.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, "ताई, पेशंटचं कार्ड बीचं आहे, घरचेही बीच म्हणताहेत. अडचण काय आहे?"

"डॉक्टर, पेशी एबीच्या दिसताहेत आणि प्लाझ्मात ए पेशींविरुद्ध काहीतरी आहे. मला नवीन नमुना हवाय, आणि आधी ज्यांनी रक्त काढलं ते सोडून दुसऱ्या कुणीतरी काढलेला. पेशंट स्थिर आहे ना?"

पेशंट स्थिर होती. रक्तस्राव त्या घडीला थांबलेला होता. तसा तो जोरात सुरू असता तर मी ओ गटाच्या पॅक्ड सेल देऊन बाकीचा शोध मागाहून घेतला असता, कारण ओ पेशींवर ए किंवा बी काहीच नसतं आणि या प्लाझ्माने ओ पेशींना हात लावलेला नव्हता. पण वेळ होता, म्हणून शोध पूर्ण करायचा होता.

नवीन नमुना आला. माझ्या सहकाऱ्याने माझं वाचन न बघता पुन्हा सगळं केलं आणि त्यालाही तेच मिळालं. म्हणजे ट्यूबची अदलाबदल नव्हती. रीएजंटमध्येही दोष नव्हता, कारण त्याच अँटीसिराने आणि त्याच पेशींनी त्या दिवशीचे बाकीचे नमुने बरोबर दिले होते.

आता शक्यता एकेक करून बाजूला काढायच्या. विसंगती पाहिली की मी आधी स्वतःला विचारते, प्रतिक्रिया जास्तीची आहे की हरवलेली? हरवलेली असेल तर विचार वेगळा होतो. तान्ह्या बाळांत स्वतःची प्रतिपिंडं अजून तयार झालेली नसतात, खूप वयस्कर माणसांत किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्यांत ती क्षीण होतात. तिथे रिव्हर्सची ट्यूब रिकामी येते आणि नमुना थंडीत किंवा जास्त वेळ ठेवून क्षीण प्रतिक्रिया शोधावी लागते. इथे तसं काही नव्हतं. इथे एक तर पेशींवर ए जास्तीचा दिसत होता किंवा प्लाझ्मात ए-विरोधी प्रतिपिंड जास्तीचं होतं.

प्लाझ्मात प्रथिनं फार वाढली की पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर बसतात आणि पुंजक्यांचा भास होतो. पण त्या चळतींना पेशींच्या गटाशी देणंघेणं नसतं, त्या ओ पेशींतही दिसल्या असत्या आणि ऑटो कंट्रोलमध्येही. दोन्ही ट्यूब स्वच्छ होत्या. थंडीत काम करणारं, स्वतःच्याच पेशींविरुद्धचं प्रतिपिंड हीसुद्धा नेहमीची शक्यता, पण तेही याच दोन ट्यूबमध्ये उमटलं असतं. म्हणून मी ऑटो कंट्रोल लावल्याशिवाय रिव्हर्स वाचत नाही. तो शून्य असल्याने अर्धी यादी एका झटक्यात संपली.

पुढची शक्यता जास्त फसवी. आमच्या ए पेशींवर ए प्रतिजनाखेरीज इतर पद्धतींचेही प्रतिजन असतात, उदाहरणार्थ एम. पेशंटच्या प्लाझ्मात अँटी-एम असेल आणि माझ्या ए पेशी नेमक्या एम पॉझिटिव्ह असतील, तर पुंजके एममुळे येतील आणि मी दोष एला देईन. एका ओ पेशीत प्रतिक्रिया आली नाही एवढ्याने हे संपत नाही, ती ओ पेशी एम निगेटिव्ह असू शकते. म्हणून एकाच ए दात्याच्या पेशींवर विसंबायचं नसतं.

मी तीन वेगवेगळ्या ए-वन दात्यांच्या पेशी घेतल्या, तीन ए-टू दात्यांच्या, आणि अँटिबॉडी स्क्रीनच्या, म्हणजे एबीओबाहेरची प्रतिपिंडं शोधण्याच्या चाचणीच्या, तीन ओ पेशी. ए गटाचे हे दोन मुख्य उपगट. ए-टूच्या पेशीवर ए प्रतिजनाच्या जागा ए-वनच्या साधारण चौथाई असतात, आणि प्रतिजनाच्या रचनेतही थोडा फरक असतो. नेहमीच्या अँटी-एला दोन्ही उत्तर देतात, त्यामुळे रोजच्या कामात कुणी त्यांना वेगळं काढत नाही. एबीमध्ये ए-टू असेल तर जागा आणखी कमी होतात, कारण ए आणि बी दोन्ही ज्यापासून बनतात त्या एच या मूळ पदार्थावर बीचं विकरही हक्क सांगतं आणि ते ए-टूच्या विकरापेक्षा कामसू असतं. माझ्या फॉरवर्डमध्ये अँटी-ए ३+ वर का थांबलं, याचं उत्तर मला इथे दिसू लागलं होतं.

नऊ ट्यूब वाचल्या. तिन्ही ए-वन पेशींत २+ आलं, तिन्ही ए-टू पेशींत शून्य आणि तिन्ही ओ पेशींत शून्य.

हा नकाशा बोलका असतो. अँटी-एम किंवा तसलं काही असतं तर ते ए-वन आणि ए-टूची रांग बरोबर पाळत बसलं नसतं. आणि ही बाई खरोखर बी गटाची असती तर तिच्या प्लाझ्मात खरं अँटी-ए असतं, ज्याने ए-टू पेशींनाही पुंजकवलंच असतं. काही मोनोक्लोनल अँटी-ए रीएजंट बी गटाच्या काही लोकांच्या पेशींवरचा अगदी नाममात्र ए पकडतात, त्यामुळे असा बी माणूस फॉरवर्डमध्ये एबी भासू शकतो. पण तिथले पुंजके सहसा क्षीण असतात, हलवलं की सुटतात, आणि प्लाझ्मा दोन्ही प्रकारच्या ए पेशींना धरतो. माझ्याकडचे अँटी-एचे पुंजके घट्ट होते आणि प्लाझ्मा ए-टूला शिवतही नव्हता. बी गटाच्या माणसाला ए किंवा एबी रक्त चढलं असेल तरीही फॉरवर्डमध्ये ए दिसतो, पण तो मिश्र दिसतो, काही पेशी पुंजक्यात आणि बाकीच्या मोकळ्या. शिवाय हिला कधी रक्त चढवलेलंच नव्हतं. मागणीपत्रामागची ती ओळ इथे कामी आली.

शेवटची खातरजमा पेशींच्या बाजूने करायची होती. ए-वन पेशी ओळखायला आम्ही जे लेक्टिन, म्हणजे पेशींवरच्या ठरावीक साखरेला चिकटणारं प्रथिन, वापरतो ते कुळथाच्या बियांच्या अर्कातून येतं. बर्ड यांनी १९५१ मध्ये या अर्काचा हा गुण नोंदवला. योग्य प्रमाणात पातळ केलेला अर्क ए-वन पेशींना पुंजकवतो आणि ए-टूला सोडून देतो. घट्ट अर्क मात्र ए-टूलाही धरू शकतो, म्हणून शेजारी माहितीतल्या ए-वन आणि ए-टू पेशींचे कंट्रोल ठेवल्याशिवाय हे लेक्टिन वाचू नये. माझा ए-वन कंट्रोल ३+ आला, ए-टू कंट्रोल शून्य, पेशंटच्या पेशी शून्य.

निदान ठरलं: ए-टू-बी, आरएच डी पॉझिटिव्ह, प्लाझ्मात अँटी-ए-वन. फॉरवर्ड पहिल्यापासून खरं सांगत होतं. रिव्हर्समध्ये एक जास्तीचं प्रतिपिंड होतं, आणि तेही खोटं नव्हतं. ए-टू माणसांत अँटी-ए-वन शंभरात एक ते आठ जणांत सापडतं, पण ए-टू-बीमध्ये ते पावपट ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत लोकांत असतं. म्हणून एबी पेशंटच्या रिव्हर्समध्ये एकटी ए पेशींची ट्यूब उमटली की माझा पहिला संशय याच्यावर जातो.

जुन्या कार्डावर बी कसं आलं असावं, याचा अंदाज बांधता येतो. काचेच्या पट्टीवरची फक्त फॉरवर्ड चाचणी असेल, तर ए-टू-बीचा ए तिथे उशिरा आणि क्षीण उमटतो. घाईत वाचलं तर निसटतो, आणि रिव्हर्स केलेलंच नसेल तर हटकणारं कुणी नसतं.

आता प्रश्न रक्ताचा. अँटी-ए-वन बहुतेक वेळा थंडीतलं प्रतिपिंड असतं, शरीराच्या तापमानाला निष्क्रिय. पण बहुतेक वेळा म्हणजे या पेशंटमध्ये, असं धरून चालत नाही. प्लाझ्मा आणि ए-वन पेशी वेगवेगळ्या ट्यूबमध्ये ३७ अंशांना गरम करून मगच एकत्र केल्या, म्हणजे खोलीच्या तापमानाला लागलेले पुंजके सोबत यायला नकोत. ४ अंशांना ३+, खोलीच्या तापमानाला २+, ३७ अंशांना शून्य. ३७ अंशांनाही प्रतिक्रिया आली असती तर ते प्रतिपिंड पेशी नष्ट करू शकतं असं समजून ए-वन असलेली प्रत्येक पिशवी तिच्यासाठी वर्ज्य ठरली असती.

तरीसुद्धा मी एबीच्या पिशव्या निवडल्या नाहीत. आमच्या फ्रीजमधल्या एबी पिशव्यांतल्या बहुसंख्य ए-वन-बी असणार. एका पिशवीच्या सेगमेंटमधून, म्हणजे तिच्या नळीच्या बंद तुकड्यातून, पेशी घेऊन तिच्या प्लाझ्माबरोबर मुद्दाम लावून बघितलं. लगेच सेंट्रिफ्यूज करून वाचल्यावर १+, विसंगत. ३७ अंश आणि पुढे सांगते त्या कूम्ब्सच्या टप्प्यावर मात्र शून्य. नियमाने ती पिशवी विचारात घेता आली असती, पण हाताशी पूर्ण नितळ पर्याय असताना तशी पिशवी का द्यायची? बी गटाच्या पेशींवर ए मुळातच नसतो, आणि हिच्या प्लाझ्मात अँटी-बी नाही. ओ सुद्धा चाललं असतं, पण ओ मी ओ पेशंटसाठी राखून ठेवते.

बी पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या काढल्या. क्रॉसमॅच म्हणजे पेशंटचा प्लाझ्मा आणि दात्याच्या पेशी यांची प्रत्यक्ष गाठ घालणं. प्रत्येक पिशवीच्या नळीचा एक सेगमेंट कापून त्यातल्या पेशी धुऊन सस्पेन्शन केलं. सेगमेंटवरचा क्रमांक आणि पिशवीवरचा क्रमांक मोठ्याने वाचून जुळवायचा, ही आमच्याकडची सवय. ट्यूबमध्ये प्लाझ्माचे दोन थेंब, पेशींचा एक. पहिलं वाचन लगेच, खोलीच्या तापमानाला. हा टप्पा मुख्यतः एबीओची चूक पकडतो. दोन्ही शून्य. मग त्याच ट्यूब ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये अर्धा तास, पुन्हा वाचन, पुन्हा शून्य.

त्यानंतरचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त हलगर्जीपणा होणारा. बाळंतपणातून किंवा आधीच्या रक्तातून तयार झालेली काही प्रतिपिंडं पेशींना चिकटतात, पण पेशींना एकमेकींशी बांधू शकत नाहीत. डोळ्यांना काहीच दिसत नाही. ती दिसावीत म्हणून पेशी सलाइनने तीन-चार वेळा धुऊन, शेवटचं पाणी थेंबभरही न ठेवता काढून त्यात कूम्ब्स सिरम म्हणजे मानवी प्रतिपिंडांविरुद्धचं प्रतिपिंड घालायचं. पेशींवर काही चिकटलेलं असेल तर हे सिरम त्यांच्यात पूल बांधतं. धुणं अपुरं राहिलं तर मागे उरलेला प्लाझ्मा कूम्ब्स सिरमलाच निकामी करतो आणि विसंगत पिशवी सुसंगत वाचली जाते. हे ओळखायचा एकच मार्ग आहे: निगेटिव्ह आलेल्या प्रत्येक ट्यूबमध्ये प्रतिपिंडांचं आवरण दिलेल्या कंट्रोल पेशी टाकून पुन्हा फिरवायचं. आता पुंजके आलेच पाहिजेत. आले तर कूम्ब्स सिरम जिवंत होतं आणि तुमचं आधीचं शून्य खरं होतं. नाही आले तर ती ट्यूब बाद, सगळं पहिल्यापासून. माझ्या दोन्ही ट्यूब कूम्ब्सला शून्य होत्या आणि कंट्रोल पेशी टाकल्यावर दोन्हींत पुंजके आले. अँटिबॉडी स्क्रीनही ३७ अंशांना आणि कूम्ब्सला स्वच्छ होता, त्यामुळे बाळंतपणातून आलेलं लपलेलं काही सापडलं नाही.

पिशव्या पाठवल्या तेव्हा डॉक्टरांचा पुन्हा फोन आला. "ताई, आता तुम्ही पेशंट एबी लिहिलंय आणि पिशव्या बीच्या आहेत. म्हणजे शेवटी बीच ना?"

प्रश्न बरोबर होता, कारण पिशवी बीची द्यायची असेल तर गट एबी लिहिल्याने फरक काय पडला? मी त्यांना सांगितलं, "पॅक्ड सेलपुरता काहीच नाही. पण शस्त्रक्रियेत रक्तस्राव वाढला आणि तुम्ही प्लाझ्मा मागितलात, तर तिला बीचा प्लाझ्मा चालणार नाही. त्यात अँटी-ए असतं आणि तिच्या पेशींवर ए आहे. प्लाझ्मा एबीचाच द्यावा लागेल. बीचं पूर्ण रक्तही नको, त्यातही तो प्लाझ्मा येतोच. या पिशव्यांत पेशी आहेत, प्लाझ्मा जवळपास काढून टाकलेला आहे, म्हणून त्या चालतात."

"आणि ती कधी रक्तदान करायला आली तर?"

"तर बी लेबल लावून गेलेली तिची पिशवी बी गटाच्या माणसाला मिळेल. त्याच्या प्लाझ्मातलं अँटी-ए ए-टूच्या पेशींनाही सोडत नाही."

ते म्हणाले, "मग हे तिच्या फाइलवर ठळक लिहून द्या."

दिलं. अहवालात एवढंच होतं: गट एबी, उपगट ए-टू-बी, आरएच डी पॉझिटिव्ह, प्लाझ्मात अँटी-ए-वन, ३७ अंशांना निष्क्रिय, तांबड्या पेशी बी किंवा ओ गटाच्या, क्रॉसमॅच करून, प्लाझ्मा फक्त एबी गटाचा. जुन्या बीच्या कार्डावर आडवी रेघ मारून ते नवीन अहवालासोबत नातेवाइकांना दिलं आणि पुढच्या वेळी कुठल्याही दवाखान्यात हा अहवालच दाखवा असं सांगितलं. दोन्ही पिशव्या कुठलीही प्रतिक्रिया न येता गेल्या.

तिचा नमुना आणि दोन्ही पिशव्यांचे सेगमेंट रक्त दिल्यापासून सात दिवस फ्रीजमध्ये राहतात, उशिरा काही घडलं तर मागे जाऊन तपासता यावं म्हणून. पण पुढच्या खेपेला रक्त लागलं तर हा नमुना चालणार नाही आणि हा ३७ अंशांचा शून्यही चालणार नाही. रक्त चढवल्यावर नवीन प्रतिपिंडं तयार होऊ शकतात, आणि अँटी-ए-वन क्वचित आपली तापमानाची मर्यादा वाढवून ३७ अंशांनाही काम करू लागतं. तेव्हा नवीन नमुना घ्यायचा, स्क्रीन पुन्हा करायचा आणि ए-वन पेशी पुन्हा गरम करून लावायच्या.